परतावा अकरा पट, गल्ल्यात दोनशे चाळीस

ऑनलाइन बाजारात जाऊन `chakli maker` असं टाकून पाहा. पहिल्या रांगेत जे सोरे दिसतात ते सगळ्यात चांगले म्हणून तिथे पोचलेले नसतात आणि सगळ्यात स्वस्त म्हणूनही नसतात. चित्राजवळ फिकट राखाडी अक्षरांत `Sponsored` असं लिहिलेलं असतं. ती अक्षरं इतकी लाजरी असतात की वाचायला चष्मा पुसावा लागतो. किंमत आणि सवलतीची टक्केवारी मात्र हाका मारत असतात. कंपनीच्या चित्रकाराला मोठी अक्षरं येत नाहीत, असं म्हणायची सोय नाही.

म्हणजे विक्रेत्याने आधी विक्रीवर कमिशन द्यायचं, मग कुरिअरचे पैसे द्यायचे, परत आलेल्या मालाचा भुर्दंड सोसायचा, आणि एवढं करून आपला माल गिऱ्हाइकाच्या नजरेस पडावा म्हणून वेगळे पैसे मोजायचे. या वेगळ्या पैशांचा धंदा केवढा आहे? एकट्या ॲमेझॉनने २०२४ साली जाहिरातींतून सुमारे ५६ अब्ज डॉलर कमावले. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या कंपनीवर दावा लावला. शोधाच्या निकालांत असंबद्ध जाहिराती भरून गिऱ्हाइकाची शोधाशोध वाढवली, हा त्यातला एक आरोप आहे. कंपनीला तो मान्य नाही. कोर्टाचं कोर्ट बघून घेईल. आपण छोट्या विक्रेत्याच्या वहीत डोकावू, कारण तिथला प्रश्न जास्त अवघड आहे: जाहिरातीवर गेलेला रुपया परत आला का?

डॅशबोर्ड म्हणतो, आला. अकरा होऊन आला. आणि खोटं बोलायचं नाही हा नियम पाळूनच तो असं म्हणतो. गंमत तिथेच आहे.

उदाहरणाला एक दुकान घेऊ. नाशिकच्या भांडीबाजारातले एक काका पितळी सोरे विकतात. दुकानात वडिलांपासून विकतात, ऑनलाइन पुतणीमुळे विकतात. दुकान कल्पनेतलं आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. पण असा हिशेब ज्याला करावा लागत नाही असा विक्रेता शोधून दाखवावा.

सोऱ्याची किंमत कर वजा जाता ८०० रुपये. त्यातून माल घडवायचा खर्च ३९०, खोका आणि पॅकिंग २५, बाजाराचं कमिशन, इतर शुल्कं आणि पाठवणी मिळून १९५. परत येणारा माल, पोचा आलेलं दांडकं आणि गायब झालेल्या चकत्या यांचा सरासरी बोजा प्रत्येक नगामागे ३०. एकूण ६४०. काकांच्या हाती राहिले १६०. जाहिरातीचा सगळा खेळ या १६० रुपयांत खेळायचा आहे. ज्याला हा आकडा तोंडपाठ नाही त्याने जाहिरातीचं बटण दाबू नये. दाबायचंच असेल तर ते देणगीच्या खात्यात लिहावं.

आता जाहिरात कशी चालते ते थोडक्यात. विक्रेता एखाद्या शोधशब्दावर बोली लावतो: या शब्दावर कोणी माझ्या मालावर क्लिक केलं तर मी जास्तीत जास्त इतके देईन. माल दिसण्याचे पैसे नाहीत, क्लिकचे आहेत. प्रत्येक शोधाला क्षणात लिलाव होतो. त्यात बोलीबरोबर हेही पाहिलं जातं की या मालावर लोक क्लिक करण्याची आणि तो घेण्याची शक्यता किती. जिंकणाऱ्याला सहसा आपली पूर्ण बोली द्यावी लागत नाही, खालच्या बोलीपेक्षा थोडं वर द्यावं लागतं. क्लिक करून गिऱ्हाईक नुसतं बघून गेलं तरी पैसे गेलेच.

काकांचा एका पंधरवड्याचा ताळेबंद असा. ६०० क्लिक, सरासरी ६ रुपयांना एक, म्हणजे खर्च ३,६००. बारा क्लिकमागे एक ऑर्डर, म्हणजे ५० ऑर्डरी. ५० गुणिले ८००, विक्री ४०,००० रुपये. खर्चाला विक्रीने भागलं की ९ टक्के येतात. ऑनलाइन विक्रेते याला अकॉस म्हणतात. उलटं भागलं की ११ येतात, त्याला रोआस म्हणतात. काकांच्या नगामागे ८०० तले १६० उरतात, म्हणजे २० टक्के. तेव्हा अकॉस २० च्या खाली राहिला तर फायदा, वर गेला तर तोटा. इथे तो ९ आहे. डॅशबोर्डवर हिरवा बाण. बाजाराच्या कंपनीचा अकाउंट मॅनेजर फोन करतो: ‘सर, तुमचा रोआस अकरा आहे! बजेट दुप्पट करूया का?’

काका पुतणीला विचारतात, ‘अकरा पट परत आले म्हणतोय. मग गल्ल्यात का दिसत नाहीत?’

वाणिज्य शाखेत जे तीन वर्षांत शिकवत नाहीत ते काकांनी एका ओळीत विचारलं.

त्या अकरातली पहिली गोम अशी की परत आलेले रुपये हे विक्रीचे आहेत, नफ्याचे नाहीत. चाळीस हजारांतले काकांचे आठ हजार. बाकीचे पितळेचे, खोक्याचे, कमिशनचे, कुरिअरवाल्याचे. ही गोम अकॉस आणि २० टक्क्यांच्या तुलनेत पकडली जाते, म्हणून ती साधी. (तुलना करताना एवढं पाहायचं की दोन्हीकडची किंमत करासकट तरी आहे किंवा करवजा तरी. आणि जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. नेहमीच्या नोंदणीवाल्याला त्याची वजावट मिळते. कंपोझिशनवाल्याला नाही, त्याचा ६ रुपयांचा क्लिक ७ रुपये ८ पैशांना पडतो.)

खरी गोम त्या ५० ऑर्डरींत आहे. ‘जाहिरातीमुळे आलेल्या’ असं आपण वाचतो. डॅशबोर्ड म्हणतो त्याचा अर्थ एवढाच असतो की ऑर्डर देण्याआधी या गिऱ्हाइकाने तुमच्या जाहिरातीवर कधीतरी क्लिक केलं होतं. कधीतरी म्हणजे किती दिवस? ते ज्याने त्याने ठरवायचं. ॲमेझॉनच्या नेहमीच्या स्पॉन्सर्ड जाहिरातीत विक्रेत्यासाठी ही मुदत क्लिकपासून ७ दिवसांची आहे. एट्सीच्या बाहेरच्या जाहिरातींत ती ३० दिवसांची आहे. मुदतीत गिऱ्हाईक सरळ वाटेने परत येऊन माल घेऊन गेलं तरी पावती जाहिरातीच्या नावाने फाटते. बऱ्याचदा तर जाहिरात सोऱ्याची, त्याने घेतलं पुरणयंत्र, तरी श्रेय जाहिरातीला, कारण दुकान तुमचंच. याच मुदतीमुळे कालच्या खर्चासमोर कालची विक्री थोडी दिसते आणि आठवडाभर मागाहून भरत राहते. तेव्हा कालचा अकॉस आज बघून घाबरणाऱ्याने निदान आठवडाभर धीर धरावा.

जाहिरात नसती तर त्या पन्नासांतल्या किती आल्याच असत्या, हा प्रश्न डॅशबोर्डला कोणी विचारलेला नाही आणि तो आपण होऊन उत्तर देणार नाही. आषाढी दशमीला पंढरपूरच्या वेशीवर उभं राहून ‘पंढरपूरला चला’ अशी पत्रकं वाटावीत, आणि द्वादशीला अहवाल द्यावा की आमच्या पत्रकामुळे एवढे लाख वारकरी आले, असा हा प्रकार आहे. अहवालातला एकही आकडा खोटा नसतो. पत्रक घेतलेला प्रत्येक माणूस खरोखरच पंढरपुरात पोचलेला असतो.

ही केवळ आमची तिरकी शंका नाही. ईबेने स्वतःवरच हा प्रयोग करून पाहिला. शोधयंत्रात लोक ‘ईबे’ असं टाकत तेव्हा वर ईबेची जाहिरात येई आणि तिच्या क्लिकचे पैसे कंपनी भरे. मार्च २०१२ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर त्यांनी या जाहिराती थांबवल्या. जाहिरातीच्या वाटेने येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. वरचा दरवाजा बंद झाला, लोक शेजारच्या दरवाजातून आत शिरले. मग त्यांनी अमेरिकेच्या सुमारे एक तृतीयांश भागांत ६० दिवस बाकीच्या शब्दांवरच्या गुगल जाहिरातीही बंद ठेवल्या. विक्रीतला फरक एका टक्क्याच्या आत राहिला, तोही योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येऊ नये इतका बारीक. फरक पडला तो नव्या किंवा क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांत. नेहमीचे लोक जाहिरातीवर क्लिक करून आले काय नि न करता आले काय, येणारच होते. टॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’त छापून आला.

यावरून जाहिराती बंद करा असा अर्थ काढणाऱ्याने थांबावं. ईबे सगळ्यांना माहीत होती. काकांचा सोऱ्या भांडीबाजाराच्या बाहेर कोणाला माहीत नाही. ईबेकडून उसनं घ्यायचं ते उत्तर नव्हे, पद्धत. बंद करून पाहायची.

लहान विक्रेत्याला प्रांतवार चालू-बंद करायची सोय सहसा नसते. त्याच्याकडे एकच गोष्ट असते, कॅलेंडर. आणि कॅलेंडर हे लबाड प्रकरण आहे. दसऱ्याला जाहिरात सुरू करायची, दिवाळीच्या आधी सोरे संपले की जाहिरातीची आरती ओवाळायची, हे आपण दरवर्षी पाहतो. चकलीच्या भाजणीला श्रेय कोणी देत नाही. म्हणून पुतणीने मोजणी दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला सुरू केली आणि कुरडयांचा हंगाम तोंडावर येण्याच्या आत संपवायचं ठरवलं.

प्रत्येक टप्पा १७ दिवसांचा. बदल केल्यानंतरचे पहिले ३ दिवस मोजायचे नाहीत, कारण आदल्या टप्प्यात क्लिक केलेले लोक त्यात रेंगाळत येतात. उरलेल्या १४ दिवसांच्या फक्त एकूण ऑर्डरी मोजायच्या. जाहिरातीच्या किती आणि आपसूक किती, हा डॅशबोर्डचा वाटणीपत्रक-विभाग बघायचासुद्धा नाही. चालू-बंद, मग बंद-चालू, मग पुन्हा चालू-बंद असा उलटसुलट क्रम, म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या पगाराची खरेदी दर वेळी जाहिरातीच्याच पदरात पडणार नाही. या काळात किंमत, कुपन, फोटो यांना हात लावायचा नाही आणि माल संपू द्यायचा नाही. प्रजासत्ताक दिनाचा सेल मध्ये आला, ते दिवस सरळ वगळले आणि टप्पा तितका पुढे ढकलला.

पहिल्या फेरीचा निकाल: चालू असताना ११८, बंद असताना ९९.

‘एकोणीसचा फरक,’ काका म्हणाले. ‘म्हणजे पन्नास नाहीत, एकोणीस.’

‘काका, एकोणीससुद्धा म्हणू नका अजून,’ पुतणी म्हणाली.

तिचं बरोबर होतं. जाहिरात तीच, किंमत तीच, तरी दोन पंधरवडे कधी सारखे जात नाहीत. ऑर्डरी आपल्या लहरीने येतात. ही लहर किती मोठी असू शकते याचा ढोबळ अंदाज असा: दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, आणि फरक त्या वर्गमुळाच्या दुपटीहून मोठा असेल तरच त्याला मान द्या. ११८ आणि ९९ मिळून २१७, वर्गमूळ सुमारे १५, दुप्पट ३०. १९ चा फरक त्याच्या आतच आहे. म्हणजे पहिल्या फेरीवरून काहीच सिद्ध होत नाही. महिन्याला वीस ऑर्डरीवाला विक्रेता जेव्हा सांगतो की ‘बोली एक रुपयाने वाढवली आणि सेल पंचवीस टक्के वाढला’, तेव्हा तो वीसच्या पंचवीस ऑर्डरी झाल्याचं सांगत असतो. त्याचं अभिनंदन करावं, त्याच्या नादाने आपली बोली वाढवू नये.

तीन फेऱ्यांनंतर चालूचे आकडे ११८, १२५, ११७, एकूण ३६०. बंदचे ९९, ९२, ९७, एकूण २८८. फरक ७२. बेरीज ६४८, वर्गमूळ सुमारे २५, दुप्पट ५१. आता फरक त्याहून मोठा आहे, म्हणजे जाहिरात काहीतरी नक्की करते. पंधरवड्याला सरासरी २४ जास्तीच्या ऑर्डरी.

आता काकांचा हिशेब. २४ गुणिले १६० म्हणजे ३,८४०. त्यातून जाहिरातीचे ३,६०० वजा. उरले २४०. अकरा पट परताव्याचा पंधरवड्याचा निव्वळ प्रसाद दोनशे चाळीस रुपये, त्यातही अधिक-उणे मोठं. लहर धरली तर जास्तीच्या ऑर्डरी पंधरवड्याला ७ ते ४१ यांच्यात कुठेही असू शकतात आणि खर्च भरून निघायला निदान २३ लागतात. म्हणजे खरं उत्तर असं की काका साधारण काठावर आहेत. पण ‘साधारण काठावर’ असा बाण कुठल्याच डॅशबोर्डवर नसतो. हिरवा असतो आणि लाल असतो.

इथपर्यंत आलेला विक्रेता बहुधा चिडून जाहिरात बंद करतो. तीही घाई. ३,६०० रुपये हा एक खर्च नाही, ते तीन-चार वेगवेगळे खर्च एका पिशवीत भरलेत. कोणत्या शोधशब्दावर किती गेले आणि किती आले याचा अहवाल बाजार देतो. तो उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा कोणी उघडत नाही. पुतणीने उघडला.

पहिला गट काकांच्या दुकानाच्या नावाचा. जुनी गिऱ्हाइकं आणि त्यांनी सांगितलेले लोक नावच टाकून शोधतात. १८० क्लिक, ३ रुपयांना एक, खर्च ५४०, ऑर्डरी २४. अकॉस तीनच्याही आत. डॅशबोर्डचा हा सगळ्यात लाडका लेक.

दुसरा गट `chakli maker brass` या शब्दांचा. २२० क्लिक, ७ रुपयांना एक, खर्च १,५४०, ऑर्डरी १८. अकॉस ११ च्या आतबाहेर. जाहिरात नसेल तर काकांचा सोऱ्या या शोधात तिसऱ्या पानावर असतो, आणि तिसऱ्या पानापर्यंत चकलीचा उत्साह टिकत नाही.

तिसरा गट बाजाराने आपल्या बुद्धीने जुळवलेल्या शब्दांचा. विक्रेत्याने ‘जवळपासचे शब्दही चालतील’ अशी मोकळीक दिली की यंत्र शेजारीपाजारी हिंडून येतं. खर्च १,५२०, ऑर्डरी ८, अकॉस २४ च्या जवळ. म्हणजे काकांच्या वीसच्या रेषेपलीकडे, लाल बाण.

रिवाजाप्रमाणे काय करायचं? हिरव्या गटाला पैसे वाढवायचे, लाल गट तोडायचा. अकाउंट मॅनेजरनेही तेच सुचवलं. पुतणीने उलटं केलं.

दुकानाचं नाव टाकून शोधणारा माणूस घरून ठरवून आलेला असतो. जाहिरात नसती तर तो एक बोट खाली सरकला असता. हे गृहीत धरण्यापेक्षा तपासता येतं: तिने पुढच्या टप्प्यात फक्त नावावरची जाहिरात बंद केली. १४ दिवसांच्या एकूण ऑर्डरी ११७ आल्या. १२० च्या सरासरीपुढे हा फरक लहरीच्या कितीतरी आत. ५४० रुपये वाचले. इथे एक अट आहे. आधी आपलं नाव शोधून पाहायचं की वर दुसरा कोणी सोऱ्यावाला आपल्या नावावर बोली लावून बसलेला नाही ना. बसला असेल तर तो क्लिक म्हणजे कुंपणाचा खर्च, आणि तो करावा लागेल. (शोधून पाहताना स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करून ‘चालते का’ हे बघू नये. चालते.)

लाल गट तिने तोडला नाही, उसवला. आत दोन अगदी वेगळे प्रकार निघाले. एक, `murukku maker` आणि त्याचे भाऊबंद: ११० क्लिक, ७७० रुपये, ७ ऑर्डरी, बहुतेक बंगळूर-चेन्नईकडच्या. काकांनी लिस्टिंगमध्ये ‘मुरुक्कू’ हा शब्द कुठे लिहिलाच नव्हता, कारण नाशकात मुरुक्कू होत नाही. या गिऱ्हाइकांना काका जन्मात सापडले नसते. म्हणजे या ऑर्डरी जवळजवळ सगळ्या खऱ्याखुऱ्या जास्तीच्या. दुसरा प्रकार `pasta maker`, `momos maker` वगैरे: ९० क्लिक, ७५० रुपये, एक ऑर्डर. सोऱ्यातून पास्ता काढायची कल्पना यंत्राची, पैसे काकांचे. हे शब्द तिने नकोच्या यादीत टाकले. बाजार याला निगेटिव्ह कीवर्ड म्हणतो आणि बटण तीन पडदे आत ठेवतो. मुरुक्कू हा शब्द मात्र तिने लिस्टिंगच्या शीर्षकातच घातला, म्हणजे उद्या त्यातले काही लोक फुकट येतील.

नवा ताळेबंद: ३,६०० मधून नावाचे ५४० आणि पास्त्याचे ७५० गेले, राहिला खर्च २,३१०. गेलेली ऑर्डर एक, पास्तावाली. जास्तीच्या २४ च्या २३ धरू. २३ गुणिले १६० म्हणजे ३,६८०, वजा २,३१०, उरले १,३७०. कागदावरचा आकडा आहे आणि लहर इथेही आहे, पण २४० पेक्षा बरा कागद आहे.

उरली बोली. बाजार प्रत्येक शब्दापुढे ‘सुचवलेली बोली’ दाखवतो. काकांना ११ रुपये दाखवत होता. हा आकडा येतो कुठून? त्या शब्दावर इतर लोक जिंकताना काय लावतात त्यावरून. त्या इतरांत पत्र्याचा सोऱ्या विकून चारशे कमावणारा असेल, तोटा सोसून नाव करायला निघालेली मोठी कंपनी असेल, किंवा हिशेब न येणारा एखादा सद्गृहस्थ असेल. काकांचे १६० रुपये त्या आकड्यात कुठेच नाहीत.

काकांची बोली अशी निघते. क्लिकमागे ऑर्डर येण्याचं प्रमाण बारात एक; म्हणजे एका क्लिकची किंमत १६० भागिले १२, साधारण १३ रुपये. इथे थांबणारे बरेच असतात आणि ११ त्यांना स्वस्त वाटतात. पण डॅशबोर्डच्या ५० ऑर्डरींतल्या खऱ्या जास्तीच्या २४, म्हणजे अर्ध्याहून थोड्या कमी. १३ रुपये ३३ पैशांना त्या प्रमाणाने गुणलं की ६ रुपये ४० पैसे. सगळी जाहिरात एका पिशवीत असताना यापुढचा प्रत्येक पैसा खिशातून. ११ ने ६०० क्लिक घेतले असते तर ६,६०० रुपये गेले असते, ३,८४० मिळवायला. शब्द वेगळे केल्यावर प्रत्येक गटाची मर्यादा वेगळी: नावाला जवळजवळ शून्य, मुरुक्कूला काकांना वाटत होती त्याहून जास्त. ज्या शब्दावर आपला माल फुकटात पहिल्या चारात दिसतो तिथे बोली खाली, जिथे तो तिसऱ्या पानावर कुजतो तिथे वर. अकॉस नेमकं याच्या उलट सुचवतो, कारण जे ठरवून आलेत ते स्वस्तात क्लिक करतात आणि पटकन घेतात.

या हिशेबाची एक मर्यादा सांगायला हवी. जाहिरातीतून झालेली विक्रीही मालाला फुकटच्या रांगेत वर ढकलते, असा विक्रेत्यांचा अनुभव आहे. हा परिणाम सावकाश येतो आणि सावकाश जातो. १७ दिवसांच्या टप्प्यात तो पुरता दिसत नाही. नव्या मालाला तर शेराच नाही, रांगच नाही; तिथे जाहिरातीची जवळजवळ प्रत्येक ऑर्डर जास्तीची असते, पण क्लिक वाया जातात कारण शेरे नसलेला माल कोणी घेत नाही. म्हणून नव्या नगाला ठरावीक रक्कम आणि ठरावीक मुदत द्यावी आणि तिला गुंतवणूक म्हणावं. जुन्या नगाच्या बाबतीत तिसऱ्या वर्षीही गुंतवणूक म्हणत असाल तर शब्द बदला.

मार्चमध्ये अकाउंट मॅनेजरचा फोन आला. आवाज चिंतेचा.

‘सर, तुमचा रोआस घसरलाय. अकरावरून साडेआठच्या आसपास आलाय. अकॉस नऊचा साडेअकरा झालाय. काही प्रॉब्लेम आहे का?’

आकडे बरोबर होते. नावावरच्या त्या २४ झटपट ऑर्डरी जाहिरातीच्या खात्यातून निघून गेल्या होत्या, आणि आपसूक खात्यात जमा झाल्या होत्या. तिकडे कुठलाही बाण नसतो.

‘प्रॉब्लेम नाही,’ काका म्हणाले. ‘नफा वाढलाय, म्हणून घसरलाय.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग: ‘सर, मी बोली अकरा करून देऊ का? सिस्टिम रेकमेंड करतेय.’

‘तुमच्या सिस्टिमला माझा खरेदीभाव ठाऊक आहे?’

‘नाही सर.’

‘तुमची जाहिरात बंद असताना माझे किती सोरे जातात, ते?’

‘ते… डॅशबोर्डवर येत नाही सर.’

‘मग बोली आहे तीच ठेवा,’ काका म्हणाले. ‘आणि त्या पास्तावाल्याला सांगा, सोऱ्या परत आलाय. कुरिअरचे लागलेत माझ्याच खात्याला.’